सणाच्या रात्रीचा मेसेज

«मी लघुकथा लिहिते. नव्या कथेतला नायक घरोघरी पार्सलं पोहोचवणारा रायडर आहे. सणाच्या रात्री तो डिस्पॅचरला मेसेज करतो की आज मी कामावर येऊ शकत नाही, कारण भाऊ तीन वर्षांनी एका रात्रीपुरता घरी येतोय. मेसेज अठरा ओळींचा आहे. त्याची ओढाताण, थकवा, भावाची ओढ, सगळं त्यात आलंय. डिस्पॅचर उत्तर देतो, 'उद्यापासून येऊ नकोस.' रायडर फोन बंद करून दार उघडतो आणि कथा संपते. आमच्या लेखनमंडळात सगळ्यांना कथा आवडली. पण माझा मावसभाऊ स्वतः डिलिव्हरीचं काम करतो. तो वाचून एवढंच म्हणाला, 'ताई, असा मेसेज कोणी टाकत नाही.' का, ते त्याला सांगता येईना. मी कथा बदलू? की त्याला कथेतलं कळत नाही असं समजून सोडून देऊ?»
— एक वाचक

सोडून देऊ नका. त्याला जे सांगता आलं नाही ते मी थोडंफार सांगू शकेन असं वाटतं. या सदराकडे वळण्याआधी दोन वर्षं मी एका कुरिअरच्या हबवर संध्याकाळच्या पाळीला रोस्टर लावायचे. सणाच्या दिवशी दुपारपासून माझ्या फोनवर असेच मेसेज यायचे, आणि दिवसभराचे सगळे मिळूनही तुमच्या अठरा ओळी भरल्या नसत्या. 'मॅडम आज नाय जमणार.' 'ताप आहे.' 'गाडी बंद पडली, बघतो.' एकदा एका मुलाकडून नुसतं 'ताई' एवढाच शब्द आला आणि पुढे वीस मिनिटं काहीच नाही. पुढचा मेसेज यायच्या आतच मी रोस्टरवरचं त्याचं नाव खोडून टाकलं होतं.

हे मेसेज इतके तोकडे का असतात? भाषा कमी पडते म्हणून नाही. हीच मुलं आपापसात बोलायला लागली की ऐकत राहावं असं बोलतात. पण ज्याच्या हातात उद्याचं काम आहे त्याच्याकडे रजा मागताना दिलेला प्रत्येक शब्द उलटतपासणीला खुला होतो. तुमच्या रायडरने 'भाऊ येतोय' असं लिहिलं की समोरून प्रश्न येणार, 'किती वाजता येतोय? दहाला ये ना मग.' 'खूप दमलोय' लिहिलं तर, 'कोण दमलेलं नाही?' तापाला मात्र प्रश्न नसतो. पंक्चर टायरला नसतो. म्हणजे खरं कारण कितीही मोठं असलं तरी या व्यवहारात ते चालत नाही, आणि किरकोळ खोटं कारण बिनबोभाट चालून जातं. तुमच्या मावसभावाला हे अंगवळणी पडलेलं आहे, त्यामुळे ते वेगळं काढून सांगणं त्याला जड गेलं असणार.

इथे तुमच्या मनातलं एक गृहीत मला जरा हलवून बघायचं आहे. रायडरचं दुःख वाचकापर्यंत पोहोचायचं तर ते मेसेजमध्ये यायलाच हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण मेसेज वाचकासाठी लिहिलेला नाही, डिस्पॅचरसाठी लिहिलेला आहे. भाऊ येणार हे वाचकाला तुम्ही आधीच्या पानावर दाखवू शकता: गादी उन्हात टाकलेली, बाहेरच्या खोलीतली सायकल शेजाऱ्यांकडे ठेवलेली, झोपायला जागा व्हावी म्हणून. मग मेसेजमध्ये फक्त 'सर आज ताप आहे, नाही जमणार' एवढंच येऊ द्या. वाचकाला ती उन्हातली गादी माहीत आहे, डिस्पॅचरला माहीत नाही. तुमची कथा या दोघांच्या मधल्या जागेत आहे. अठरा ओळींनी ती जागा बुजवून टाकली.

आता डिस्पॅचरकडे येऊ, कारण मला जास्त काळजी त्याची वाटते. सर्वात आधी, तो आहे तरी का? मोठ्या अॅपवर काम करणाऱ्या रायडरला बहुधा असा माणूस नसतोच. ऑर्डर कोणाला जाणार ते सॉफ्टवेअर ठरवतं. ज्याला जायचं नाही तो लॉगिन करत नाही, बस. त्याची किंमत पुढे मोजावी लागते: आठवड्याचं टार्गेट हुकतं, त्यावरचा जादा मोबदला जातो, काही ठिकाणी पुढच्या आठवड्याचे चांगले स्लॉट मिळत नाहीत. पण 'सर, आज येत नाही' असं कळवायचं कोणाला, हा प्रश्नच उरतो. ज्याला मेसेज करायचा तो माणूस भेटतो कुरिअर हबवर, औषधांच्या दुकानाच्या स्वतःच्या डिलिव्हरीवर, एखाद्या हॉटेलच्या चार-पाच पोरांच्या टीममध्ये, किंवा मोठ्या कंपनीला रायडर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे. तुमच्या कथेत यातलं नेमकं कोणतं काम आहे ते कळत नाही. ते ठरवा. कथेत त्याबद्दल एक ओळही आली नाही तरी चालेल, पण तुम्हाला माहीत हवं, कारण त्यावर मेसेजची प्रत्येक ओळ बदलते. ठेकेदाराला 'शेठ' म्हणणारा मुलगा हबवरच्या थोड्या मोठ्या मुलाला 'दादा' म्हणेल, आणि दादाला टाकलेला मेसेज शेठला टाकता येत नाही.

मग तो माणूस काय बघत बसलाय ते बघा. मी हबचंच उदाहरण घेते, कारण ते मला माहीत आहे. समजा सहा ते बाराची पाळी आहे आणि रोस्टरवर बारा जण. हद्द चार झोनमध्ये वाटलेली, प्रत्येक झोनला तिघे. सणाच्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम होतात: पार्सलं वाढतात आणि माणसं कमी होतात. आणि दोन्हींचं कारण एकच, सगळ्यांना आपल्या माणसांत असायचं असतं. तुमचा रायडर गळला की त्याच्या झोनमध्ये दोघे उरतात आणि प्रत्येकावर दीडपट काम पडतं. नव्वद पार्सलं असतील तर तिघांत तीस-तीस होती, आता पंचेचाळीस-पंचेचाळीस. बाराला सुटणारी पाळी तीनवर जाते. दुसऱ्या झोनमधून माणूस खेचावा तर त्याला इथल्या गल्ल्या, बंद फाटकं, कुठली लिफ्ट चालत नाही हे माहीत नसतं, तो निम्म्याच वेगाने फिरतो.

म्हणजे त्या रात्रीची किंमत डिस्पॅचर मोजत नाही. ती मोजतात झोनमधले उरलेले दोघे, आणि ते तुमच्या कथेत कुठेच नाहीत! मला विचाराल तर कथेचा तिसरा माणूस हाच. नावापुरता येऊ द्या, एका वाक्यात येऊ द्या, पण येऊ द्या. त्यालाही घर आहे. मेसेज पाठवताना रायडरच्या डोळ्यांपुढे डिस्पॅचरचा चेहरा कमी आणि त्या जोडीदाराचा जास्त येणार. मेसेज टाइप करून बोट थबकतं ते त्याच्यामुळे. हा विचार आला की 'उद्यापासून येऊ नकोस' हे वाक्य आपोआप गळून पडेल, कारण जो माणूस आत्ताच एक रायडर कमी पडला म्हणून घामाघूम झालाय, तो उद्याचा रायडर कशाला घालवेल? आम्ही असं कधी म्हटलं नाही. आम्ही म्हणायचो, 'बरं.' आणि पुढच्या आठवड्याचं रोस्टर लावताना त्याला लांबचा झोन द्यायचो, किंवा रविवार द्यायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आज वाटतं. शिक्षा अशी, शब्द न वापरता, चार दिवसांनी पोहोचायची, आणि ज्याला व्हायची त्याला ती कशाची आहे ते बरोबर कळायचं. कथेत डिस्पॅचरचं उत्तर 'बरं' एवढंच ठेवून पुढच्या आठवड्याचं रोस्टर एका ओळीत दाखवता आलं, तर तुमच्या आत्ताच्या शेवटापेक्षा ते जास्त लागेल असं मला वाटतं.

आता वेळ. तुम्ही नुसतं 'रात्री' म्हटलं आहे, पण मेसेज किती वाजता जातो यावर कथा कुठली ते ठरतं. दुपारी दोनला गेला तर डिस्पॅचरच्या हातात चार तास असतात. तो सकाळच्या पाळीतल्या कोणाला तरी थांबवून घेऊ शकतो. रायडर भला माणूस ठरतो आणि कथा सौम्य होते. सहाला वीस कमी असताना गेला तर त्याच्या झोनची पार्सलं ओळीने लागलेली असतात, त्याचं नाव चिकटवलेलं असतं. इथे डिस्पॅचर चिडतो आणि त्याला चिडायचा हक्कही असतो. शेवटच्या घडीपर्यंत थांबणारे मात्र बेफिकीर असतात असं समजू नका. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा शेवटपर्यंत यायचंच ठरवून बसलेले असायचे, कपडे करून, हेल्मेट हातात घेऊन. आणि तिसरी वेळ साडेसातची, पाळी सुरू झाल्यानंतरची. तेव्हा त्याच्या बॅगेत लोकांची पार्सलं आहेत. आता 'येत नाही' म्हणणं म्हणजे माल घेऊन घरी बसणं, आणि हबवर ही सगळ्यात मोठी चूक धरली जाते. न दिलेलं पार्सल त्याच रात्री परत जमा व्हावंच लागतं, नाहीतर हिशेब त्याच्या अंगावर येतो. भाऊ दारात, आणि दाराशेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी घरच्या सणाची पार्सलं भरलेली बॅग. ही कथा फार अवघड आहे, लिहायला आणि सोसायलाही, पण माझं मन तिच्याकडे ओढतं.

तुमच्या आराखड्याला मात्र मधली वेळ जास्त शोभेल असं वाटतं, म्हणून तीच धरून पुढे जाते. पाच चाळीस. 'सर ताप आहे, नाही जमणार.' पाठवला. आता फोनचा पडदा काय काय करतो ते बघा, कारण मेसेजवर उभ्या असलेल्या कथेत पडदा हेच नेपथ्य असतं. व्हॉट्सअॅप धरलं तर एक करडी खूण, मग दोन, मग दोन निळ्या. पण समोरच्याने निळ्या खुणा बंद ठेवल्या असतील तर त्या करड्याच राहतात, आणि डिस्पॅचरचं काम करणारे बरेच जण त्या बंदच ठेवतात. मीही ठेवायचे. त्यामुळे वाचलंय की नाही ते रायडरला कळत नाही. तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला गेला तर तिथे 'मेसेज डिलीट केला' अशी पाटी उरते, आणि ती ताप आहे म्हणण्यापेक्षा जास्त बोलते. पंधरा मिनिटांच्या आत मजकूर बदलता येतो, पण बदलल्याची खूण शेजारी लागते. 'ताप'चं 'गाडी' केलेलं लपत नाही. यातलं एकच काहीतरी वापरा. सगळं वापरलं तर कथा फोनची माहितीपुस्तिका होईल.

मी वापरलं असतं ते सांगते. डिस्पॅचर उत्तर देतो, 'आवाज ऐकव.' हे खरंच मागितलं जातं. तापाने बसलेला घसा कानाला कळतो असा समज असतो. म्हणून रायडर व्हॉइस मेसेज पाठवतो, घसा ओढून, सात-आठ सेकंदांचा. पाठवून झाल्यावर तो स्वतः एकदा ऐकतो, आणि त्याला ऐकू येतं की मागे भावाचा आवाज आहे. भाऊ हसतोय. आईला काहीतरी सांगतोय. आता इथे एक बारीक गोष्ट तुमच्या कामी येईल: निळ्या खुणा बंद ठेवल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकला की माइकचं चिन्ह निळं होतंच, ते लपवता येत नाही. म्हणजे इतका वेळ काहीच न कळू देणाऱ्या डिस्पॅचरबद्दल पहिल्यांदा एक गोष्ट नक्की कळते. त्याने ऐकलं. भावाचं हसणंही ऐकलं. पाच चव्वेचाळीस. मग उत्तर येतं किंवा येत नाही, ते तुम्ही ठरवा.

यात तुम्हाला एक अडचण वाटेल: नायक खोटं बोलतो, मग वाचकाची सहानुभूती जाईल. मला तसं वाटत नाही. भावाला भेटायचं एवढ्यासाठी एका धडधाकट माणसाला आजारी पडावं लागतं, हे वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. अठरा ओळींतलं 'मी किती दमलोय' सुटलं असतं, कारण ते सांगितलेलं आहे.

तरीही नायकाने खरंच बोलावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर तोही रस्ता आहे आणि मी तो कमी लेखत नाही. फक्त मग खरं एका ओळीत बोलू द्या, आणि त्याची हिंमत तुम्ही दाखवा. 'दादा, भाऊ आलाय. आज नाही येत.' विनंती नाही, 'प्लीज' नाही, कारणाला शेपूट नाही. 'येऊ शकत नाही' आणि 'येत नाही' यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात परवानगी मागितली आहे, दुसऱ्यात कळवलं आहे. दोन वर्षांत मला 'येत नाही' असा मेसेज दोनदाच आला असेल. दोन्ही वेळा मी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले होते. मात्र या रस्त्याने गेलात तर त्याला हे आज कसं जमलं, ते कथेत आधी कुठेतरी असायला हवं. रोज 'हो सर' म्हणणारा मुलगा एका संध्याकाळी असा सरळ बोलला तर मागे काहीतरी घडलेलं असतं. गेल्या सणाला तो कामावर गेला होता का? तेव्हा भाऊ येऊन गेला होता का? तीन वर्षं भाऊ आला नाही असं तुम्ही लिहिलंय. मला सारखं वाटतंय की भाऊ आला असेल आणि हाच घरी नसेल. तसं असेल तर त्या 'येत नाही'ला आपोआप बळ येतं.

तिसराही पर्याय असतो, काहीच न कळवण्याचा. फोन बंद करून टाकायचा, दांडी मारायची. प्रत्यक्षात हे पुष्कळ होतं. पण तुमची कथा मेसेजची आहे, म्हणून तो मी बाजूला ठेवते.

मेसेज, चॅट, व्हॉइस नोट यांवर कथा लिहिणाऱ्यांची पत्रं अलीकडे मला बरीच येतात, त्या सगळ्यांसाठी लिहिण्याच्या बाजूचं थोडं सांगते. पानावर प्रत्येक मेसेजपुढे वेळ छापू नका. दोन वेळांमधलं अंतर जिथे काही बोलतं तिथेच छापा. पाच चाळीसनंतर पाच चव्वेचाळीस हे अंतर बोलतं, बाकीचं नाही. आपल्याकडे बरेच जण मराठी मेसेज रोमन अक्षरांत टाइप करतात, ते कथेत देवनागरीतच लिहा, पण टाइप करणाऱ्याची घाई ठेवा: पूर्णविराम गाळा, 'नाही'चं 'नाय' होऊ द्या, एकच वाक्य दोन मेसेजमध्ये तुटू द्या. आणि पात्र जे टाइप करून खोडतं ते एकदाच दाखवा. तुमच्या अठरा ओळी मला फेकून द्यायच्या नाहीत. त्यांतली एक मला फार आवडली, भावाच्या चपला दारात दिसायला हव्यात अशी. ती रायडर टाइप करेल, वाचेल, आणि खोडेल. बाकी सतरा तुमच्या वहीत राहू द्या. त्या लिहिल्या नसत्या तर ही अठरावी सापडली नसती.

शेवटाबद्दल. तुमच्याकडे तो दार उघडतो. दार उघडलं की त्याचा प्रश्न सुटला असं वाटतं, आणि तो सुटलेला नाही. भाऊ समोर आहे, पण रायडरचं लक्ष फोनकडे जात राहणार, त्या रात्री तो पूर्ण घरी नसणार. भाऊ काहीतरी सांगतोय, हा 'हं हं' करतोय, आणि खिशात फोन थरथरतो. डिस्पॅचरचा असेल, झोनमधल्या जोडीदाराचा असेल. त्याने बघावं की नाही, आणि भावाने ते पाहिलं की नाही, यातलं तुम्हाला जे खरं वाटेल त्यावर थांबा.

एक काम नवा खर्डा लिहिण्याआधी करा. मावसभावाला कथा पुन्हा वाचायला देऊ नका, बरोबर आहे का असंही विचारू नका. त्याच्या हातात तुमचा फोन द्या, त्याला उभाच राहू द्या, आणि म्हणा, समज तुला आज जायचं नाहीये, टाक मेसेज. तो कुठून सुरुवात करतो, 'सर' म्हणतो की 'दादा', किती वेळा खोडतो, अंगठा कुठे थांबतो, ते बघत राहा. टाइप करून झाल्यावर तो पाठवायच्या बटणाकडे बघून काय करतो तेही बघा. मग फोन परत घ्या आणि त्याने खोडलेलं काय होतं ते त्याला विचारा.